एकच कढई, चार पंगती: तेलाचा ताव सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई सुरू झाली की आम्हाला ठरलेले प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे एकाच तक्रारीचे असतात: "पहिल्या पंगतीला पुऱ्या टम्म फुगल्या, दुसरीला चपट्या आणि तेलकट." खाली जे आकडे आहेत ते आमच्या नेहमीच्या कढईचे आहेत: साधारण २६ इंची लोखंडी कढई, त्यात १५ किलो तेल, खाली व्यावसायिक गॅसची मोठी भट्टी. तुमची कढई वेगळी असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

१. आचारी म्हणतात "तेल उतरलं". म्हणजे नेमकं काय होतं?

तेलाचा ताव कमी होतो, पण कशामुळे ते समजून घ्यायला हवं. गार पुरी पडली म्हणून तेल गार झालं, हे अर्धंच खरं. खरी उष्णता खाते ती पुरीतल्या पाण्याची वाफ. पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. कढईत जी चरचर ऐकू येते ती या वाफेची. म्हणूनच कणकेचा वीस-पंचवीस ग्रॅमचा गोळा जेवढा दिसतो त्यापेक्षा बरंच जास्त खाऊन जातो.

ताव चांगला असेल तर आत झपाट्याने वाफ होते, ती दोन पापुद्रे वेगळे करते आणि पुरी फुगते. ताव उतरलेला असेल तर वाफ हळूहळू होते, कडेने निसटते, आणि पुरी तेलात जास्त वेळ पडून राहिल्याने तेल पिते.

२. एका घाण्यात किती पुऱ्या सोडायच्या?

कढईत मावतात तितक्या नव्हे, भट्टी भरून काढू शकेल तितक्या. आम्ही हा हिशेब अंशांत करतो, कारण तो उभ्या उभ्या डोक्यात करता येतो. आमच्या १५ किलो तेलात २५ ग्रॅमची एक पुरी साधारण अर्ध्या अंशाला थोडी कमी खाते. १५ पुऱ्यांचा घाणा म्हणजे सहा-सात अंश. आमची भट्टी पूर्ण आचेवर मिनिटाला आठेक अंश देते. म्हणजे मिनिटाला १५ पुऱ्या काढल्या तर जमा-खर्च जुळतो आणि थोडं हातात उरतंही. मिनिटाला २५ काढायला गेलात तर खर्च अकरा अंश, जमा आठ. दर मिनिटाला तीन अंशांची तूट पडते आणि सात-आठ मिनिटांत १९० चं तेल १७० च्या खाली येतं. तोवर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग सगळे कणीक मळणाऱ्या बाईंवर ओरडतात.

नजरेचा अंदाज हवा असेल तर पुऱ्यांनी तेलाचा निम्मा पृष्ठभाग झाकला की थांबायचं.

आणखी एक. १५ पुऱ्या एकदम सोडू नका. जाणता तळणारा एक सोडतो, एक उलटतो, एक काढतो, आणि हे चक्र चालूच ठेवतो. एकूण उष्णता तेवढीच लागते, पण तेल एकदम खड्ड्यात जात नाही.

३. माझी भट्टी मिनिटाला किती अंश देते, हे कसं काढू?

लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी तेल तापवताना घड्याळ लावा. कढईत नेहमीचं तेल, गॅस पूर्ण, आणि काही तळायचं नाही. दांडीचा थर्मामीटर तेलात मधोमध धरा, पण तळाला टेकवू नका. १०० अंशांवरून १८० पर्यंत जायला लागलेली मिनिटं मोजा आणि ८० ला त्या मिनिटांनी भागा. दहा मिनिटं लागली तर मिनिटाला ८ अंश. सोळा लागली तर ५, आणि अशा भट्टीवर १५ पुऱ्यांचा घाणा चालणार नाही. मिनिटाला दहावर समाधान मानावं लागेल.

वाचण्याआधी झाऱ्याने तेल एकदा खालीवर करा. ज्वाळेच्या वरचं तेल आणि कडेचं तेल यांत बराच फरक असतो. बंदुकीसारखा रोखून धरायचा थर्मामीटर फक्त वरचा थर वाचतो, आणि वर वाफ-फेस असेल तर तोही धड वाचत नाही. तो आम्ही एकदा घेतला आणि आता फ्रीजवर पडून आहे.

४. तेल जास्त घेतलं, १५ ऐवजी २५ किलो, तर जास्त पुऱ्या निघतील का?

तासाला निघणाऱ्या पुऱ्या वाढणार नाहीत. या प्रश्नावर आमचं सगळ्यात जास्त भांडण होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तेल म्हणजे साठवण आणि भट्टी म्हणजे आवक. साठवण मोठी असली की एक घाणा पडल्यावर पातळी कमी उतरते. २५ किलोत त्याच १५ पुऱ्या चारेक अंशच खातील. पण भट्टी तीच असल्यामुळे तेवढंच तेल परत चढवायला वेळही तितकाच लागतो. पूर्वी मिनिटाला आठ अंश देणारी भट्टी आता पाचेक देईल. टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही. मोठ्या साठवणीचा फायदा एवढाच की एखादा घाणा चुकून मोठा पडला तर ती सावरून घेते.

तोटे मात्र आहेत. सुरुवातीला तापायला दहा-बारा मिनिटं जास्त लागतात, तितकं तेल दिवसभर तापून खराब होतं, आणि कढई अर्ध्याच्या वर भरली तर फेस उतू जाण्याची भीती असते. खरोखर जास्त पुऱ्या हव्या असतील तर दुसरी भट्टी लावा.

५. जाड लोखंडी कढई ताव धरते म्हणतात. मग ती ताव का नाही सांभाळत?

धरते, पण ऐकीव गोष्टींइतकी नाही. किलोला किलो मोजलं तर लोखंडात तेलाच्या पाव हिश्शाइतकीच उष्णता साठते. आमची कढई १५ किलोची आहे असं धरलं तरी तिचं बळ साडेतीन किलो तेलाएवढं. जाड तळाचा खरा फायदा वेगळा आहे: ज्वाळा एका जागी लागली तरी आच पसरते आणि तळाला पडलेला चुरा लगेच जळत नाही. पातळ पत्र्याच्या कढईत ताव सरासरीने बरोबर असूनही मधल्या पुऱ्या काळ्या आणि कडेच्या पांढऱ्या निघतात.

६. थर्मामीटर नाही. ताव ओळखायचा कसा?

कणकेची बोराएवढी गोळी टाका. तळाशी जाऊन रेंगाळली तर तेल कच्चं आहे. तळाला न टेकता चटकन वर आली आणि भोवती बारीक बुडबुडे दाट आले तर पुरीचा ताव आहे. वर येता येताच लाल झाली तर जास्त तापलंय.

पण ही परीक्षा सुरुवातीपुरती. पंगत चालू असताना गोळी टाकत बसायला कुणाला वेळ असतो? तेव्हा कान आणि झारा. चरचर बारीक आणि दाट असते ती जाडी, आळशी होते आणि बुडबुडे मोठे व्हायला लागतात. सोडलेली पुरी आधी एक-दोन सेकंदांत वर यायची, ती आता चार मोजेपर्यंत खाली राहते. काढलेल्या झाऱ्यातून तेल थेंब थेंब न गळता धारेने गळतं. यातली पुरी उशिरा वर येण्याची खूण सगळ्यात आधी दिसते, म्हणून तीच बघा. दिसली की पुढचे दोन घाणे निम्मे करा. पूर्ण थांबायची गरज नसते.

७. पंगत उठली आणि पुढची बसायला वेळ आहे. मधे आच किती ठेवायची?

अगदी बारीक करा, किंवा बंदच करा. जी आच घाणे चालू असताना जेमतेम पुरते, तीच रिकाम्या कढईखाली तेल जाळते. मिनिटाला आठ अंश म्हणजे १९० चं तेल पाच मिनिटांत २२० च्या पुढे जातं, आणि रिफाइंड तेल साधारण २३० च्या आसपास धुरायला लागतं. तेल आधी वापरलेलं असेल तर त्याहून लवकर.

"पण मग गार होईल ना?" ही भीती अनाठायी आहे. पुऱ्या नसताना तेल गार व्हायला बराच वेळ घेतं. आमच्या कढईत गॅस बंद केला तर मिनिटाला एक-दोन अंश उतरतात. सात मिनिटांची सुट्टी म्हणजे दहा-बारा अंश, जे भट्टी दीड मिनिटात परत देते. शिवाय त्या वेळात वर तेल घालायचं असतं (प्रश्न ८).

नेमकं जपायचं ते परत सुरू करताना. पहिली पुरी सोडण्याआधी गॅस पूर्ण उघडा. बहुतेक जण पुऱ्या सोडतात, तेल उतरलेलं बघतात आणि मग गॅस वाढवतात. तोवर पहिले तीन घाणे गेलेले असतात.

आमच्याकडून हे एकदा उलटं झालं होतं. वधूपक्षाचे आहेर लांबले, पंगत बसेना, आणि कढईपाशी कुणीच नव्हतं. मी मांडवातून परत आलो तर तेलावर निळसर धूर. मामा म्हणाले, "अरे, कढईला सोडून गेलास कुठं?" ते तेल वापरता आलं नाही. १५ किलो गेलं, आणि नवं तापवायला वीस मिनिटं लागली तो वेळ वेगळाच. पाहुण्यांना तोवर जिलेबी आणि मठ्ठा वाढत ठेवला.

८. पुऱ्या तेल पितात, कढईतलं कमी होतं. वर कधी आणि किती घालायचं?

दोन घाण्यांच्या मधे कधीच नाही, दोन पंगतींच्या मधेच. पाचशे पुऱ्यांमागे आमचं दीड-दोन किलो तेल जातं. १३ किलो उरलेल्या तेलात २ किलो गार तेल ओतलं की ताव सतराएक अंश उतरतो. पंगत भरात असताना हा खड्डा भरून येत नाही, कारण भट्टीकडे तेवढं शिल्लक नसतं. मधल्या सुट्टीत मात्र पूर्ण आचेवर सव्वादोन मिनिटांत भरून येतो.

फारच वेळ आली तर भट्टीशेजारी उबेत ठेवलेल्या पातेल्यातलं तेल अर्धा-अर्धा किलो करून घाला. पातेलं आणि पळी कोरडी असू द्या. पाण्याचा थेंब गेला तर तेल उडतं.

९. चारशे पानांचा एक हिशेब करून दाखवाल का?

गेल्या हंगामातलं एक लग्न: चार पंगती, प्रत्येकी शंभर पानं, पानामागे पाच पुऱ्या. म्हणजे पंगतीला पाचशे. मिनिटाला १५ प्रमाणे हे ३३-३४ मिनिटांचं काम. कागदावर सोपं दिसतं, पण पंगत मिनिटाला १५ मागत नाही. पहिल्याच फेरीत वाढपी शंभर पानांवर दोन-दोन पुऱ्या टाकतात, म्हणजे चार-पाच मिनिटांत दोनशे. इथेच लोक घाणा मोठा करतात आणि ताव घालवतात.

आम्ही मागणीची लाट पाटीत झेलतो, कढईपर्यंत येऊ देत नाही. पंगत बसायच्या तेरा मिनिटं आधी तळायला सुरुवात, नेहमीच्याच गतीने. पानं मांडून, मीठ-लिंबू-कोशिंबीर-भाजी वाढून होईपर्यंत दोनशे पुऱ्या पाटीत तयार असतात. पाटी पसरट हवी आणि वर झाकण नको, फक्त पातळ फडकं. झाकल्या तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. उरलेल्या तीनशे पुढच्या वीस मिनिटांत, त्याच गतीने, गरम गरम.

मसालेभात फिरला आणि लोक ताकाकडे वळले की पुरीची मागणी एकदम पडते. तिथेच थांबायचं. पंगत उठायला, जागा झाडायला आणि नवी पानं मांडायला बराच वेळ असतो, पण पुढच्या दोनशे पुऱ्या आधी सुरू करायच्या असल्यामुळे कढईला खरी सुट्टी सहा-सात मिनिटांचीच मिळते. त्यात झाऱ्याने चुरा काढणं, दोन किलो तेल घालणं, ताव परत आणणं. चक्र चाळीस मिनिटांचं. चार पंगती झाल्या तेव्हा सकाळच्या पुरीत आणि शेवटच्या पुरीत रंगाचा थोडा फरक होता, फुगण्याचा नव्हता.

लाटणाऱ्या बायका किती, हाही याच हिशेबातला भाग. मिनिटाला १५ लाटून मिळत नसतील तर कढई रिकामी तापत राहते. मग आच कमी करा (प्रश्न ७).

१०. त्याच कढईत बटाटेवडेही करायचेत. जमेल?

जमेल, पण पुऱ्यांच्या अंदाजाने करू नका. साठेक ग्रॅमचे ४० वडे म्हणजे जवळजवळ अडीच किलो ओलं सारण आणि पीठ. असा घाणा आमच्या तेलातून चाळीस-पंचेचाळीस अंश खातो, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन मिनिटांत. भट्टी त्याच वेळी भरत असते, त्यामुळे प्रत्यक्षात तेल १८५ वरून १७० च्या आसपास जातं आणि तिसऱ्या मिनिटानंतर परत चढू लागतं. वडा पाच मिनिटं तळायचा असल्याने हे चालतं. ६० वडे टाकले तर तेल दीडशेकडे झुकतं, पिठाचं कवच वेळेवर आवळत नाही, एखादा वडा फुटतो आणि सारण तेलात विरघळतं.

म्हणून ४० च, कडेकडेने एकेक सोडत, आणि पहिलं मिनिटभर झारा न लावता. पुढचा घाणा टाकण्याआधी तेल १८५ वर परत आलं का ते बघा. आमच्याकडे वडे काढून झाल्यावर त्याला मिनिटभराहून जास्त लागत नाही.

वडे पंगतीच्या आधी तळा, पुऱ्या पंगतीत. दोन्ही आलटून पालटून केलं तर तावही धड राहत नाही आणि बेसनाचा चुरा पुऱ्यांना काळे ठिपके लावतो. वड्यांनंतर तेल बारीक चाळणीच्या झाऱ्याने निवळून घ्या. वडे गरमच वाढायचे असतील तर आधी फिक्के तळून ठेवा आणि वाढताना पुन्हा दोन मिनिटं सोडा. बरंचसं पाणी पहिल्या तळणीतच गेलेलं असल्याने दुसरी तळण तेलाला फारशी जड जात नाही. मात्र असे अर्धे तळलेले वडे तास-दीड तासाच्या वर बाहेर ठेवू नका.

११. सगळं तेच, घाणा तोच, तरी दुपारी तेल चढेना. का?

बहुतेक वेळा सिलिंडर. मोठी भट्टी सतत ओढत राहिली की आतला द्रव गॅस होताना स्वतःच गार पडतो. बाहेरून सिलिंडरला घाम सुटतो, कधी खालच्या बाजूला पांढरं बर्फही धरतं. दाब पडतो आणि ज्वाळा मरगळते, आत गॅस शिल्लक असूनही. उपाय म्हणजे दुसरा सिलिंडर जोडणं आणि पहिल्याला विसावा देणं. मोठ्या कामाला दोन सिलिंडर एकत्र जोडून घेतलेले बरे, पण ती जोडणी जाणकाराकडूनच. सिलिंडर गरम करायला खाली जाळ धरणारे महाभाग आम्ही पाहिलेत. असं कधीही करू नका.

दुसरं कारण वारा. मांडवामागे उघड्यावर भट्टी असेल तर दुपारचा वारा ज्वाळा तळाखालून बाजूला ढकलतो. वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा. भट्टी चारही बाजूंनी बंद करू नका आणि सिलिंडर पत्र्याच्या आत घेऊ नका.

१२. आमच्याकडे अजून लाकडाची भट्टी आहे. तिथे हे चालेल का?

हिशेब चालेल, वेळा बदलतील. गॅस फिरवला की लगेच फरक पडतो. लाकूड घातलं की ताव यायला चार-पाच मिनिटं जातात, आणि काढलं तरी निखारे तापवतच राहतात. म्हणून पंगत बसायच्या आधी, कढई अजून शांत असतानाच नवी लाकडं सारावी लागतात. पंगत उठण्याच्या बेतात आली की लाकडं बाहेर ओढायची, उठल्यावर नाही. मधल्या सुट्टीत तेल जास्तच चढताना दिसलं तर वर घालायचं गार तेल तेव्हाच घाला.

१३. फ्रीजमधले किंवा फ्रोजन कटलेट चालतील?

फ्रीजमधले चालतील, घाणा पाचव्या हिश्शाने लहान करा. फ्रोजन मालाला आधी बर्फ वितळवायला उष्णता लागते, म्हणून घाणा निम्म्याच्या आसपास ठेवा. वर चिकटलेला बर्फाचा चुरा झटकूनच सोडा, तो तेलात फुटतो.

१४. ताव बरोबर आहे, थर्मामीटर १९० दाखवतो, तरी पुरी फुगत नाही.

मग तेलाला दोष देऊ नका. लाटलेल्या पुऱ्या पंख्याखाली किंवा वाऱ्यावर अर्धा तास पडल्या असतील तर वरचा थर वाळतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि वाफ तिथूनच निसटते. पुऱ्या ओलसर फडक्याखाली ठेवा. लाटण्याला पीठ जास्त लागत असेल तर तेच पीठ तेलात जळून तळाशी बसतं; तेलाचा हात लावून लाटा. आणि झाऱ्याने पुरी हलकी दाबता का, तेही बघा. नवखे तळणारे नुसतं बघत उभे राहतात.

१५. तेल धुरायला लागलं तर? आणि पेटलंच तर?

धूर दिसला की गॅस बंद. कढई हलवू नका, तिच्यात गार तेल भसकन ओतू नका, आपोआप उतरू द्या. थोडासाच धूर लगेच आटोक्यात आला असेल आणि वास, रंग ठीक असेल तर पुढे वापरता येतं. उग्र वास येत असेल, तेल गडद आणि चिकट झालं असेल आणि फेस बसत नसेल तर ते टाका.

पेटलं तर गॅस आधी सिलिंडरवरून बंद करा, आणि कढईवर बसेल असं मोठं लोखंडी झाकण किंवा परात बाजूने सरकवत झाका. पाणी नाही, ओलं पोतंही नाही. झाकण अर्धा तास उचलू नका. झाकण्यासाठीची परात सकाळीच कढईशेजारी उभी करून ठेवायची, आणि तिच्यात कुणी कणीक मळायला घेणार नाही यावर लक्ष ठेवायचं.